पेन्शनही चालू, नोकरीही चालू: सोशल सिक्युरिटीचे चेक का थांबतात आणि ते पैसे जातात कुठे

अमेरिकेत वीस-पंचवीस वर्षं नोकरी करून ६२-६३ ला सोशल सिक्युरिटी चालू केलेले आपले बरेच लोक आहेत, आणि त्यातले निम्मेअधिक सहा महिन्यांत घरी बसून कंटाळतात आणि कुठेतरी पार्ट टाइम लागतात. मग एक दिवस पत्र येतं की तुम्हाला एवढे एवढे डॉलर जास्त दिले गेलेत, परत करा. आमच्या घरी हे पत्र २०२५ च्या उन्हाळ्यात आलं होतं. आमच्या ह्यांनी २०२४ मध्ये एका दुकानात काम धरलं, पगार छोटा म्हणून कोणाला कळवलं नाही, वर्षभरात ३०,३२० डॉलर झाले, पेन्शन घेताना त्या वर्षी कमाईची मर्यादा होती २२,३२०, म्हणजे ८,००० वर गेले, आणि पत्रात मागितले होते ४,०००. चूक सरळसरळ आमची होती. पण त्या पत्रामुळे मी हा सगळा विषय नीट समजून घेतला आणि आता वहिनींच्या वेळी तो उपयोगी पडतोय, तर लिहून ठेवते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण इथेच सगळ्यांचा घोळ होतो. ही मर्यादा फक्त फुल रिटायरमेंट एजच्या आधी सोशल सिक्युरिटी घेणाऱ्यांना आहे. १९६० किंवा नंतर जन्म असेल तर ते वय ६७, १९५९ वाल्यांचं ६६ वर्षं १० महिने. ते वय ज्या महिन्यात पूर्ण होतं त्या महिन्यापासून तुम्ही लाख कमवा नाहीतर दहा लाख, पेन्शनचा एक डॉलरही अडवत नाहीत. पूर्वी त्या वयानंतरही अडवायचे, तो कायदा २००० साली बदलला. त्यामुळे कोणी ७० वर्षांचे काका सांगत असतील की "अरे मी नोकरी करतो, माझं तर काहीच कापत नाहीत", तर ते खरंच बोलतायत पण त्यांचं ऐकून ६३ व्या वर्षी तुम्ही निर्धास्त राहू नका.

हिशोब नेमका कसा

२०२६ साठी मर्यादा २४,४८० डॉलर आहे. पूर्ण वर्ष तुम्ही फुल रिटायरमेंट एजच्या खाली असाल तर २४,४८० च्या वर जेवढं कमवाल त्यातल्या दर २ डॉलरमागे १ डॉलर पेन्शनमधून अडवतात. ज्या वर्षी तुम्ही ते वय गाठता त्या वर्षी मर्यादा बरीच मोठी असते, २०२६ ला ६५,१६०, आणि वरच्या दर ३ डॉलरमागे १ डॉलर, आणि त्यातही फक्त ते वय गाठायच्या आधीच्या महिन्यांची कमाई धरतात. म्हणजे त्या शेवटच्या वर्षी पार्ट टाइमवाल्यांना सहसा काहीच त्रास होत नाही. हे आकडे दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास पुढच्या वर्षासाठी जाहीर होतात, २०२५ ला २३,४०० आणि ६२,१६० होते.

आता वहिनींचं घेऊ. जन्म ऑक्टोबर १९६२, म्हणजे ६७ पूर्ण होणार ऑक्टोबर २०२९ ला. त्यांनी ६३ पूर्ण झाल्यावर, ऑक्टोबर २०२५ पासून सोशल सिक्युरिटी चालू केली. ६७ ला घेतली असती तर महिना २,००० मिळाले असते, चार वर्षं म्हणजे ४८ महिने आधी घेतली म्हणून २५ टक्के कमी, १,५०० डॉलर. (महागाईची दरवर्षीची वाढ मी इथे सोडून देते, नाहीतर आकडे वाचणं मुश्किल होईल.) सप्टेंबरअखेर फुल टाइम नोकरी सोडली, तीन महिने आराम केला आणि जानेवारी २०२६ पासून एका डेंटिस्टकडे फ्रंट डेस्कवर बसायला लागल्या. वर्षाचा पगार धरला ३४,४८०.

३४,४८० वजा २४,४८० म्हणजे १०,००० वर. त्याचे निम्मे ५,००० अडवणार. इथपर्यंत सगळ्यांना कळतं. लोकांना वाटतं की ५,००० भागिले १२, म्हणजे दर महिन्याला चारशेसव्वाचारशे कमी येतील. तसं होत नाही. ते वर्षाच्या सुरुवातीपासून पूर्णच्या पूर्ण चेक थांबवतात, जोपर्यंत ५,००० भरत नाहीत तोपर्यंत. वहिनींचा चेक १,५०० चा, म्हणजे तीन चेकमध्ये ४,५०० झाले, अजून ५०० बाकी, म्हणून चौथा चेकही पूर्ण थांबला. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल या चार महिन्यांचं काहीच नाही. आणि महिन्याची पेन्शन पुढच्या महिन्यात हातात येते, त्यामुळे प्रत्यक्षात फेब्रुवारी ते मे बँकेत शून्य. जूनपासून परत १,५०० सुरू. चार चेक म्हणजे ६,००० अडवले, अडवायचे होते ५,०००, तो वरचा १,००० पुढच्या वर्षी परत देतात.

वहिनी फेब्रुवारीत मला फोन करून म्हणाल्या, "अगं काही जमाच झालं नाही, बंद केली की काय?" मी म्हटलं बंद नाही हो, आधीच सगळं एकदम कापून घेतायत, मे संपेपर्यंत पगारावर काढा. त्यांचं म्हणणं असं की हे आधी कळलं असतं तर गाडीचा विमा त्याच महिन्यात भरला नसता. रकमेपेक्षा हे चार कोरडे महिनेच जास्त जाणवतात, तर घरखर्च त्याप्रमाणे लावून ठेवा.

आणखी एक टोकाचा हिशोब करून बघा. १,५०० ची पेन्शन म्हणजे वर्षाचे १८,०००. वर्षाची कमाई ६०,४८० झाली की वरचे ३६,०००, त्याचे निम्मे १८,०००, म्हणजे वर्षाचे सगळे चेक गेले. फुल टाइम नोकरी चालू ठेवायची असेल आणि ६७ लांब असेल तर मग पेन्शन चालू करून काय साधलं, हा प्रश्न अर्ज भरायच्या आधी स्वतःला विचारा. नुकतीच चालू केली असेल आणि बारा महिने झाले नसतील तर अर्ज मागे घेता येतो, एसएसए-५२१ नंबरचा फॉर्म आहे, पण तोपर्यंत मिळालेलं सगळं, तुमच्या रेकॉर्डवर नवऱ्याला किंवा बायकोला मिळालं असेल तर तेही, परत करावं लागतं. आणि ही सवलत आयुष्यात एकदाच.

पहिली पायरी: काय कमाईत धरतात ते आधी वेगळं काढा

कागद घ्या आणि दोन रकाने करा. एका बाजूला नोकरीचा पगार, ओव्हरटाइम, बोनस, कमिशन. पगार म्हणजे ग्रॉस पगार, हातात येतो तो नाही. बरेच जण ४०१के मध्ये भरपूर टाकतात आणि म्हणतात माझा पगार तर मर्यादेच्या खाली आहे, पण ४०१के मध्ये टाकलेले पैसेही कमाईत धरतात. डब्ल्यू-२ वर पहिल्या बॉक्समधला आकडा हा ४०१के वजा जाऊन असतो, त्याच्यावर जाऊ नका, तिसऱ्या बॉक्समधला सोशल सिक्युरिटी वेजेसचा आकडा बघा. स्वतःचा धंदा असेल, म्हणजे ट्यूशन, कन्सल्टिंग, टॅक्स भरून देणं वगैरे, तर खर्च वजा जाऊन राहिलेला नफा धरतात, आलेली सगळी रक्कम नाही.

दुसऱ्या बाजूला जे धरत नाहीत ते: बँकेचं व्याज, डिव्हिडंड, शेअर विकून झालेला फायदा, आयआरए किंवा ४०१के मधून काढलेले पैसे, कंपनीची पेन्शन, साधं घरभाडं. भारतात फ्लॅट भाड्याने दिलाय, एफडीचं व्याज येतं, तिकडची पेन्शन आहे, यातलं काहीही या मर्यादेत येत नाही. (टॅक्समध्ये मात्र ते दाखवावंच लागतं, ती गोष्ट वेगळी.) आणि तुमच्या मर्यादेत फक्त तुमची कमाई, नवऱ्याचा किंवा बायकोचा पगार त्यात मिसळत नाहीत.

टॅक्सवरून आठवलं, पेन्शनवर टॅक्स बसणं आणि पेन्शन अडवली जाणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. टॅक्सला व्याज, डिव्हिडंड सगळं मोजतात आणि वयाचा संबंध नसतो. अडवण्याला फक्त मेहनतीची कमाई मोजतात आणि ६७ नंतर ते संपतं. व्हॉट्सॅपवर फिरणाऱ्या निम्म्या मेसेजमध्ये या दोघांची खिचडी केलेली असते.

पहिल्या वर्षाची सवलत, जी कोणाला माहीतच नसते

वहिनींनी २०२५ मध्ये सप्टेंबरपर्यंत फुल टाइम नोकरीत जवळजवळ ७०,००० कमावले होते. वर्षाची मर्यादा २३,४००. मग ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरचे चेक अडवायला हवे होते ना? दादा तर म्हणत होता की जानेवारीपर्यंत थांब, कशाला उगाच आधी चालू करतेस. पण पेन्शन सुरू केलेल्या पहिल्या वर्षी वर्षाचा आकडा बाजूला ठेवून महिन्याचा हिशोब लावतात. २०२५ ला महिन्याची मर्यादा होती १,९५०, २०२६ ला २,०४० आहे. ज्या महिन्यात कमाई त्याच्या आत, त्या महिन्याचा चेक पूर्ण, मग आधी वर्षभरात कितीही कमावलेलं असो. वहिनींची त्या तीन महिन्यांत कमाई शून्य, त्यामुळे तिन्ही चेक पूर्ण आले, ४,५०० डॉलर.

पण हे महिन्याचं गणित काटेकोर आहे. एखाद्या महिन्यात २,०४१ झाले तर तो चेक पूर्ण जाऊ शकतो, एका डॉलरसाठी पन्नास सेंट असा हिशोब तिथे नाही. स्वतःचा धंदा असणाऱ्यांना तर पैशाबरोबर तासही मोजतात, महिन्यात ४५ तासांपेक्षा जास्त काम केलं तर तुम्ही कामावर आहात असं धरतात, आणि डॉक्टर, इंजिनियर अशा वरच्या कौशल्याच्या कामात १५ ते ४५ तासांतसुद्धा धरू शकतात. म्हणून कन्सल्टिंगवाल्यांनी पहिल्या वर्षी साध्या वहीत तारीख आणि तास लिहून ठेवावेत. ही सवलत साधारणपणे एकाच वर्षासाठी असते, दुसऱ्या वर्षापासून फक्त वर्षाचा आकडा.

याच्यालाच लागून एक बारीक गोष्ट. नोकरी सोडताना साठलेल्या रजेचे पैसे, जुना बोनस, सेव्हरन्स असं काहीतरी पेन्शन चालू झाल्यावर हातात येतं. वहिनींना रजेचे पैसे ऑक्टोबरात मिळाले, जवळपास ४,०००. ते आधी केलेल्या कामाचे पैसे आहेत म्हणून मर्यादेत धरत नाहीत, पण कॉम्प्युटरला ते कसं कळणार, त्याला फक्त डब्ल्यू-२ चा एकूण आकडा दिसतो. म्हणून जुन्या कंपनीच्या एचआरकडून एसएसए-१३१ नंबरचा फॉर्म भरून घ्यायचा, त्यात ते लिहून देतात की यातली एवढी रक्कम निवृत्तीच्या आधीच्या कामाची आहे. एचआरवाल्यांना हा फॉर्म बहुतेक माहीत नसतो, त्यामुळे नोकरी सोडायच्या आठवड्यातच, त्यांना तुमचं नाव आठवतंय तोवर, प्रिंट काढून हातात द्या.

दुसरी पायरी: अंदाज आधी कळवा

आमचं चुकलं ते इथे. काम धरलं की किंवा तास वाढले की लगेच सोशल सिक्युरिटीला कळवायचं की या वर्षी माझी कमाई साधारण एवढी होईल. नंबर १-८००-७७२-१२१३, नाहीतर जवळच्या ऑफिसात अपॉइंटमेंट घेऊन जा. फोनवर थांबावं लागतं, सकाळी लवकर लावा. बोलताना समोरच्याचं नाव, तारीख, आणि कोणता आकडा सांगितला ते लिहून ठेवा, हे मी फार कटकट करून सांगते सगळ्यांना पण पुढे भांडायची वेळ आली तर तेवढंच हातात असतं.

अंदाज किती सांगायचा? थोडा वरचा सांगा. कमी सांगितलात तर चेक येत राहतात, छान वाटतं, आणि मग पुढच्या वर्षी कंपनीचा डब्ल्यू-२ तिकडे पोचला की कॉम्प्युटर ताळा घालतो आणि पत्र पाठवतो. जास्त सांगितलात तर जास्त अडवतात पण ते परत मिळतात. वहिनींनी ३४,४८० सांगितले आणि समजा दिवाळीनंतर तास कमी होऊन ३२,४८० च झाले तर वरचे ८,०००, अडवायचे ४,०००, अडवलेले ६,०००, म्हणजे १,००० ऐवजी २,००० परत. आणि मधेच अंदाज बदलला तर परत कळवता येतं, वर्षभर थांबायची गरज नाही.

अडवलं जात असताना घरातल्या दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. एक, तुमच्या रेकॉर्डवर नवऱ्याला किंवा बायकोला पेन्शन मिळत असेल तर तुमच्या जास्तीच्या कमाईसाठी तिचीही पेन्शन थांबते, कारण सगळा हिशोब एकत्र होतो. उलट तिच्या कमाईने तुमची थांबत नाही. दुसरं, ६५ झालं असेल आणि मेडिकेअरचा पार्ट बी पेन्शनमधून कापला जात असेल तर ज्या महिन्यांत चेकच नाही त्या महिन्यांत कापणार कशातून? मग त्याचं बिल घरी येतं. २०२६ चा साधा हप्ता महिना २०२.९० डॉलर आहे. ते पाकीट जाहिरात समजून रद्दीत टाकलं आणि भरणा राहिलाच तर पार्ट बी बंद होऊ शकतो, आणि तो परत चालू करणं ही मोठी डोकेदुखी.

अडवलेले पैसे जातात कुठे

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण "दोनातला एक डॉलर सरकार खातं" असं म्हणून लोक चांगलं काम सोडतात किंवा मालकाला कागदावर न दाखवता रोखीत पैसे द्यायला सांगतात, जे बेकायदेशीर तर आहेच आणि तोट्याचंही आहे.

६७ पूर्ण झालं की सोशल सिक्युरिटी मागे वळून बघते की तुमचे किती महिन्यांचे चेक अडवले होते. तेवढे महिने तुम्ही पेन्शन घेतलीच नव्हती असं धरून कपात परत मोजतात. आणि ज्या महिन्याचा चेक अर्धवट अडवला तोही महिना पूर्ण मोजतात. वहिनींचं बघा: २०२६, २०२७, २०२८ अशी तीन वर्षं त्या असंच काम करत राहिल्या, मर्यादा वाढेल तसा पगारही थोडा वाढून दरवर्षी १०,००० च वर गेले असं धरू, तर दरवर्षी ४ महिने, एकूण १२ महिने. २०२९ मध्ये त्या ६७ च्या होतात, त्या वर्षी मोठी मर्यादा, त्यामुळे अडवणं शून्य. आता त्यांनी ४८ महिने आधी घेतली होती त्यातले १२ गेले, ३६ महिने आधी घेतली असं धरायचं. ३६ महिन्यांची कपात २५ टक्के नाही, २० टक्के. म्हणजे २,००० चे १,६००. ऑक्टोबर २०२९ पासून महिना १०० डॉलर जास्त, आणि ते जन्मभर.

तीन वर्षांत खरोखर अडवले १५,०००. महिना १०० ने ते भरून यायला १५० महिने, म्हणजे साडेबारा वर्षं, वहिनी साधारण साडेएकोणऐंशीच्या असताना. त्यापुढे जगल्या तर फायदाच. मग हे कर्ज म्हणायचं की बचत, तुम्ही ठरवा, माझ्या मते तब्येत बरी असेल आणि घराण्यात माणसं नव्वदीपर्यंत जात असतील तर यात घाबरण्यासारखं काहीच नाही, आणि तब्येत नाजूक असेल तर मात्र मर्यादेच्या आत राहायला तास कमी करून घेणं जास्त शहाणपणाचं, कारण हा हिशोब परत यायला तुम्ही लागता. ही दुरुस्ती आपोआप होते, अर्ज नाही. पण ६७ नंतर दोन-चार महिन्यांत रक्कम वाढलेली दिसली नाही तर फोन करून विचारा, अडवलेल्या महिन्यांची यादी तुमच्याकडे हवी. ssa.gov वर स्वतःच्या खात्यात पेन्शनचा आकडा दिसतो, त्याच्याशी ताडून बघा.

याशिवाय पेन्शन तुमच्या सगळ्यात जास्त कमाईच्या ३५ वर्षांवरून काढलेली असते. आपण तिशीत इकडे आलेलो, कोणाचीच ३५ वर्षं भरत नाहीत, यादीत बरीच शून्यं असतात. पार्ट टाइमचं प्रत्येक वर्ष त्यातलं एक शून्य पुसतं. वाढ थोडीच होते, महिन्याला काही डॉलर, पण ती वेगळी आणि कायमची. रोखीत पैसे घेणाऱ्याचं ते शून्य तसंच राहतं, तोटा म्हटलं तो हा.

पत्र आलंच तर

घाबरून लगेच चेक लिहू नका आणि ड्रॉवरमध्येही टाकू नका. आधी त्यांचा कमाईचा आकडा बघा, त्यात रजेचे पैसे किंवा जुना बोनस मिसळलाय का, पहिल्या वर्षाचा महिन्याचा नियम लावलाय का. चूक दिसली तर ६० दिवसांत फेरविचाराची मागणी करायची, एसएसए-५६१. आकडा बरोबर आहे पण चूक तुमची नव्हती आणि परत देणं परवडतच नाही, तर माफीसाठी एसएसए-६३२. आकडाही बरोबर, चूकही आपली, पण एकदम जमत नाही, तर हप्ते लहान करून घ्यायला एसएसए-६३४. आमचं तिसरं होतं. पहिले दोन अर्ज ३० दिवसांच्या आत गेले तर निर्णय होईपर्यंत वसुली सुरू करत नाहीत, म्हणून पत्राची तारीख पाकिटावर मोठी लिहून ठेवा. आम्ही तीन आठवडे "बघू" "बघू" करण्यात घालवले होते.

भारतात परत गेलेल्यांसाठी

हे शेवटी लिहितेय पण आपल्या लोकांना सगळ्यात जास्त फसवणारं हेच आहे. ६३ ला पेन्शन चालू केली, भारतात गेलात, आणि तिकडे एखाद्या कॉलेजात शिकवायला लागलात किंवा भाच्याच्या कंपनीत बसायला लागलात. पगार वर्षाचे पाच-सहा लाख रुपये, डॉलरमध्ये केला तर सहा-सात हजार, मर्यादेच्या कुठेच जवळ नाही, म्हणून कोणी काही कळवत नाही. पण अमेरिकेबाहेरच्या ज्या कामावर अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी टॅक्स कापला जात नाही, त्याला डॉलरची मर्यादा लागतच नाही. तिथे तास मोजतात. फुल रिटायरमेंट एजच्या आधी ज्या महिन्यात ४५ तासांपेक्षा जास्त काम, त्या महिन्याची पूर्ण पेन्शन गेली, पगार कितीही लहान असो. स्वतःचा धंदाही त्यात आला.

आठवड्याला ११ तास शिकवलं तर चार आठवड्यांचे ४४ होतात, आत बसतं. पण महिना ३१ दिवसांचा असला आणि तास पडले पाच वेळा तर ५५ झाले, तो महिना गेला. पेपर तपासणं, परीक्षेची ड्युटी हेही कामच. माझी एक मैत्रीण परत गेल्यावर शिकवते, ती कॉलेजला स्पष्ट सांगून महिन्याला ४० तासांचं लेखी पत्र घेते आणि हजेरीच्या पानाचा दर महिन्याला मोबाइलवर फोटो काढून ठेवते. परदेशात राहणाऱ्यांना सोशल सिक्युरिटीकडून चौकशीचा फॉर्म येतो, त्यात काम करता का असं विचारलेलं असतं, तो भरताना तिला ते फोटो लागतात.